झाकायचं, खोडायचं नाई

माहा सोभाव तिखट हाय, हे आधीच सांगून टाकतो. मोताळ्यात बस स्टँडच्या मांगं माहा फोटो स्टुडिओ हाय, तीस वर्षं झाले. या तीस वर्षांत जितके फोटो काहाडले, तितक्याच लोकायले झापलं असन. कोणी मोबाईल घेऊन येते, म्हणते सहदेवभाऊ, यातला हा माणूस काहाडून टाका. अन् स्वतः आधीच बोटानं घासू घासू त्या माणसाचं भूत करून ठेवलेलं असते. मूळ फोटो कुठं हाय म्हणलं तं म्हणते, याच्यावरच सेव्ह केला. मंग माहं डोकं फिरते. अबे, मूळच नाई तं मी काय माह्या कपाळातून आणू?

पण खरं सांगतो, ही चूक पहिल्यांदा मीच केली होती. नवा नवा कॉम्प्युटर घेतला होता. अमडापूरचे हिंमतराव पोळ्याच्या दिवशीचा फोटो घेऊन आले, मांगचा बैल काहाडून फक्त माहा फोटो करा म्हणले. मी मूळ फोटोवरच रबर चालवलं, बैल पुसला, त्याच नावानं सेव्ह करून फाईल बंद केली. चार महिन्यानं हिंमतराव परत आले. बैल मेला होता. त्याचा दुसरा फोटो नव्हता. मी कॉम्प्युटर उलथापालथा केला, पण फाईल बंद झाली की मांगं जायाचा रस्ताही बंद होते. हिंमतरावाइनं रुमाल खांद्यावर टाकला अन् गेले. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

तेव्हापासून माह्या स्टुडिओत एकच कायदा. झाकायचं, खोडायचं नाई. मूळ फोटो सगळ्यात खाली, त्याले हात लावायचा नाई. जे काय करायचं ते त्याच्यावर वेगळ्या लेयरवर करायचं. लेयर म्हणजे काय, तं फोटोवर काच ठेवा अन् रंग काचेवर लावा. काच उचलली की खालचं जसंच्या तसं. प्रत्येक लेयरसमोर एक डोळा असते. डोळा बंद केला की ती लेयर दिसत नाई, उघडला की दिसते. कड कापायची तरी कापलेला भाग फेकून द्यायची खूण काहाडून मंगच कापायची, म्हणजे तो भाग चौकटीबाहेर लपून राह्यते, जात नाई. अन् गिऱ्हाईकाले द्यायची ती वेगळी कॉपी. लेयरवाली फाईल माह्यापाशी, दोन डिस्कवर, एक दुकानात अन् एक घरी.

आता अर्जुनरावाचं सांगतो.

अर्जुनराव म्हणजे मोताळ्यापासून दोन कोसावरच्या गावचे. कपाशी, सोयाबीन, भाजीपाल्याचा मळा, घरचं बरं. माह्याहून आठ-दहा वर्षांनं मोठे. माणूस कडक, एकवचनी, अन् एकदा नाई म्हणलं की देव आला तरी नाई. त्याइची बायको अन्नपूर्णावहिनी, अन् एकुलती एक पोरगी पुष्पांजली. २०१८ साली पोरीचा नर्सिंगले नंबर लागला, तेव्हा अर्जुनरावाइनं मले खास घरी बोलावलं होतं. अंगणात तिघायले उभं केलं. डावीकडं अर्जुनराव नवा सदरा घालून, छाती काहाडून, नाकासमोर पाहात. मधात वहिनी. उजवीकडं पोरगी. वहिनीचा हात पोरीच्या खांद्यावर, अन् मी बटन दाबलं त्याच टायमाले वहिनी पोरीकडं मान वळवून अशा हासल्या, अशा हासल्या, की मी कॅमेऱ्यामांगं हासलो. काऊन हासल्या ते मले समजलं नाई. आणखी दोन-तीन फोटो काहाडले, त्यात त्या सरळ पाहात होत्या, गपचूप. पण मी फ्रेम केली ती हासऱ्या फोटोचीच.

तीन वर्षांनं पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं. पोरगा चांगला, खामगावले दवाखान्यात तिच्यासोबतच कामाले. पण दुसऱ्या समाजाचा. आठ दिवसांत अर्जुनराव माह्या दुकानात आले. भिंतीवरची फ्रेम त्याइनं अंगणात जाळून टाकली होती, मोबाईलमधलेही फोटो काहाडून टाकले होते. मले म्हणले, तो फोटो पुन्हा करून दे, त्यात आम्ही दोघंच पाहिजे.

मी समजावलं. भाऊ, राग आज हाय, उद्या नसन. त्यावर ते म्हणले, तू फोटोवाला हाय, फोटोवाल्यासारखा राह्य. मलेही राग आला. पण गिऱ्हाईक समोर, अन् मी बसलो कामाले. आता वाटते, तेव्हाच उठून जायाले पाहिजे होतं.

उजवी कड कापली, पोरगी चौकटीबाहेर गेली. पण वहिनीचा हात अन् त्याच्याखालचा पोरीचा खांदा राह्यलाच. अंगणातलंच तुळशीवृंदावन डावीकडून उचलून, वेगळ्या लेयरवर त्या खांद्यासमोर मांडलं. हात वृंदावनामांगं गेला. तरी अर्जुनरावाचं समाधान नाई. वहिनी कोणाकडं पाहून हासून राह्यल्या, कोणी इचारलं तं? म्हणून दुसऱ्या फोटोतला सरळ चेहरा आणून त्या हासऱ्या चेहऱ्यावर बसवला, मास्क लावून, म्हणजे चेहऱ्यापुरतंच दिसन असं झाकून, कडा जुळवल्या. तेही वेगळ्या लेयरवर. मंग अर्जुनराव माह्या मांगं उभे राह्यले अन् म्हणले, आता त्या दिवसाचे सगळे फोटो माह्यासमोर डिलीट कर. मी त्या दिवसाचं फोल्डर डिलीट केलं. कचऱ्याचा डबाही रिकामा केला. झालं म्हणलं. घरच्या डिस्कवरचं फोल्डर मी पुसलं नाई असं वाटलं असन तुमाले, तं नाई, संध्याकाळी तेही पुसलं, शब्द दिला होता म्हणून. पण वेगळ्या जागी ठेवलेल्या लेयरवाल्या फाईलीत सगळ्यात खाली मूळ फोटो तसाच होता. ते त्यायले माहीत नव्हतं, अन् मी सांगतलं नाई.

पंधरा दिवसानं, बाजाराच्या दिवशी, अन्नपूर्णावहिनी दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत मेथी अन् वांगे. पिशवी टेबलावर ठेवली. मंग इचारलं, सहदेवभाऊ, पोरगी पुरी गेली का त्यातून?

मी त्यायले स्टुलावर बसवलं, फाईल उघडली. चेहऱ्याचा डोळा बंद केला. वृंदावनाचा डोळा बंद केला. अन् लपलेली कड उघडायची कमांड दिली. फोटो उजवीकडं पसरला अन् पोरगी येऊन उभी राह्यली. वहिनीनं पदर तोंडाले लावला. मी म्हणलं, एक छोटी कॉपी काहाडून देतो, ठेवा जवळ. त्या म्हणल्या, नको, घरात कुठं ठेवू, सापडली तं पोरीचं आणखी वाईट होईन. इथीच राहू द्या.

तेव्हापासून जवळजवळ दर बाजाराले यायच्या. पाच मिनिट बसायच्या, पाहायच्या, चालल्या जायच्या. मी सेव्ह न करता फाईल बंद करायचो. चहाले नाई म्हणायच्या. एकदा फक्त म्हणल्या, भाऊ, सगळं आलं, पण यात काही तरी कमी हाय. मी जरा चिडूनच म्हणलं, वहिनी, आता काही कमी नाई, सगळंच्या सगळं उघडलं हाय. त्या नुसत्या हासल्या. तीन वर्षं हे असं चाललं. मंग गेल्या पावसाळ्यानंतर त्यायचं येणं बंद झालं. आजारी होत्या म्हणे. अन् दिवाळीच्या पंधरा दिवस आधी गेल्या.

अर्जुनरावाइनं पोरीले निरोप पाठवला होता, येऊ नको म्हणून. ती आली नाई. किंवा आली असन अन् दूर उभी राह्यली असन, लोक दोन्ही सांगतात.

नवव्या दिवशी दुपारी अर्जुनराव दुकानात आले. डोक्याचे केस काहाडलेले, दाढी वाढलेली, एकदम म्हातारे दिसू राह्यले. बगलेत मी करून दिलेली ती दोघांची फ्रेम. टेबलावर ठेवली अन् म्हणले, तेरवीले हार घालायले हिचा फोटो पाहिजे, पण हा नको. काऊन म्हणलं. तं म्हणले, नऊ दिवस झाले, मी याच्यासमोर दिवा लावतो, पण ही ती नाई. माही बायको अशी कधी पाह्यलीच नाई माह्याकडं. चेहरा तेवढा पहिलेचा कर. बाकी काही हलवू नको.

मी फाईल काहाडली. शोधावी लागली नाई, पाठ होती मले. चेहऱ्याच्या लेयरचा डोळा बंद केला, अन् वहिनी हासल्या.

अर्जुनराव खुर्चीवर बसले. स्क्रीनकडं पाहात राह्यले. बऱ्याच वेळानं त्यायच्या ध्यानात आलं की वहिनी मान वळवून तुळशीवृंदावनाकडं पाहून हासून राह्यल्या. म्हणले, हे येड्यासारखं दिसून राह्यलं, तुळशीले पाहून कोण असं हासते? मी म्हणलं, तुळस तुम्हीच ठेवायले लावली भाऊ. ते म्हणले, काहाड तिले.

वृंदावनाचा डोळा बंद केला. वहिनीचा हात दिसला. हिरव्या बांगड्या, अन् हाताखाली अबोली रंगाच्या ओढणीचा खांदा. अर्धाच. बाकी चौकटीबाहेर. आता मी थांबलो. मी म्हणलं, भाऊ, एवढं ठेवता येत नाई. हार घालायच्या फोटोत जित्या माणसाचं काही येऊ नाई, बोट सुद्धा नाई, हे तुमालेही माहीत हाय, मलेही. एक तं हात कापावा लागन, नाई तं तुळस परत ठेवावी लागन.

अर्जुनरावाइनं खुर्ची पुढं ओढली. त्या खांद्याकडं पाहात होते. मले वाटलं आता उठतात अन् टेबल उलटवतात. माहाही राग तोंडाशी आला होता, तीन वर्षं दाबून ठेवलेला. पण त्याइनं मान वर केली तं डोळे लाल होते.

"तो खांदा... पुरा हाय का तुह्यापाशी?"

मी म्हणलं, "हाय."

"मी तं तुले मिटवायले सांगतलं होतं."

"मी मिटवलं भाऊ. जे तुम्ही दाखवलं ते सगळं मिटवलं. पण मी खोडत नाई. झाकतो."

मी कड उघडली. फोटो पसरला अन् पुष्पांजली येऊन उभी राह्यली, एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, आईकडं पाहून हासून राह्यलेली. दोघी एकमेकींकडं पाहून. अन् डावीकडं अर्जुनराव छाती काहाडून, नाकासमोर पाहात. त्या फोटोत तिघं होते, पण हासणं दोघींचंच होतं.

अर्जुनरावाइनं डोळ्याले उपरणं लावलं. जरा सावरल्यावर मले इचारलं, तुले ही फाईल इतक्या लवकर कशी सापडली, तीन वर्षं झाले. खोटं बोलता आलं असतं. खरं म्हणजे वहिनीले मी शब्द दिला नव्हता, पण न बोलता दिल्यासारखाच होता. तरी आता ती बाई गेली, अन् तिचं हे एवढंच राह्यलं होतं माह्यापाशी.

"वहिनी यायच्या भाऊ," मी म्हणलं. "बाजाराच्या दिवशी. या स्टुलावर बसायच्या. पाच मिनिट पोरीले पाहायच्या अन् जायच्या. मी कॉपी देतो म्हणलं तं नाई म्हणल्या. तुमाले सापडन म्हणून."

अर्जुनराव खुर्चीवरून उठले अन् त्या स्टुलावर जाऊन बसले. रस्त्यावर ऑटोवाले ओरडू राह्यले होते, बुलढाणा, बुलढाणा. मी पाण्याचा गिलास त्यायच्या हातात दिला, तो तसाच धरून बसले.

मंग हळूच म्हणले, काऊन हासून राह्यल्या असतील दोघी? मी इतका जवळ उभा होतो, मले काहीच समजलं नाई. मी म्हणलं, मलेही नाई समजलं. तुमची पोरगीच सांगन आता, दुसरं कोणी नाई.

अन् ते बोलता बोलता माही नजर लेयरच्या यादीवर गेली. मूळ फोटोच्या अगदी वर, बाकी सगळ्यांच्या खाली, आणखी एक लेयर होती. तिचा डोळा उघडा होता. मी तिच्याकडं कधी पाह्यलंच नव्हतं, कारण ती अर्जुनरावाइनं सांगतलेली नव्हती. ती माही होती. २०१८ ची, फ्रेम केली त्या दिवसाची. नाव दिलं होतं 'बटन'.

फोटोवाल्याची सवय असते. चेहऱ्यावरचा फोड काहाडा, केसातला कचरा काहाडा, कोणी सांगत नाई, आपण करतो. मी कोऱ्या लेयरवर हात चालवला होता अन् पार इसरून गेलो होतो. तीन वर्षं वहिनीले सगळं उघडून दाखवतो म्हणत होतो, अन् माहं सोताचं झाकणं तसंच ठेवलं होतं. त्या म्हणल्या होत्या, काही तरी कमी हाय. अन् मी त्यायलेच डाफरलो होतो.

मी त्या लेयरचा डोळा बंद केला.

अर्जुनरावाच्या नव्या सदऱ्याचं वरचं बटन चुकीच्या काजात होतं. एक घर चुकलं की खाली सगळी रांग चुकते. एक टोक वर गेलं होतं, एक खाली लोंबत होतं, मधात बनियन डोकावत होतं. अन् हा माणूस छाती काहाडून, नाकासमोर पाहात, पाटलाच्या थाटात उभा.

अर्जुनराव वाकून पाहात राह्यले. बोट स्क्रीनच्या काचेले लावलं, त्या बटनाले. मंग त्यायच्या तोंडातून जो आवाज आला तो हासण्याचा होता का रडण्याचा, मले सांगता येत नाई. खांदे हालत होते. म्हणले, "नेहमी तीच लावायची माहे बटनं. त्या दिवशी पोरीची वेणी घालत होती. मी म्हणलं राहू दे, मीच लावतो."

मंग ते ठरवून बोलले. हारासाठी नुसता चेहरा कर, गळ्यापर्यंत, हासरा, बाकी कोणी त्यात येऊ देऊ नको. अन् हा तिघांचा पुरा फोटो मोठा कर, त्याले हार लागणार नाई, तो भिंतीवर राह्यन. अन् याचीच आणखी एक कॉपी काहाड, ती मी उद्या सकाळच्या बसनं खामगावले घेऊन जातो. मी इचारलं, मी सोबत येऊ का. ते म्हणले नको, ज्यानं जाळलं त्यानंच न्यायले पाहिजे.

मी कॉपी काहाडायले बसलो. सवयीनं हात त्या 'बटन' लेयरकडं गेला. अर्जुनरावाइनं माहं मनगट धरलं.

"ते तसंच राहू दे सहदेव."

तेरवीले मी गेलो. पुष्पांजली आली होती, नवऱ्याले घेऊन. पंगतीत काही लोक कुजबुजले, काही उठून गेले, मी त्यायची नावं सांगत नाई. देवघराजवळ वहिनीचा हासरा चेहरा, झेंडूचा हार. अन् समोरच्या भिंतीवर तिघांचा मोठा फोटो, बिनहाराचा. पोरगी त्याच्यासमोर उभी राह्यली अन् एकदम तिनं ओढणी तोंडात कोंबली. मी जवळ गेलो तं ती रडत रडत हासून राह्यली होती. म्हणली, काका, आई मले म्हणे, सांगू नको बाबाले, फोटो निघू दे आधी. फोटो निघाल्यावर आईनंच बटनं नीट लावून दिली, पण बाबाले कधी सांगतलं नाई.

अर्जुनराव मांगंच उभे होते. त्याइनं ऐकलं. पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, जिथी वहिनीचा होता तिथीच, अन् तिले जेवायले चल म्हणले.

मी घरी आलो अन् ती फाईल दोन्ही डिस्कवर पुन्हा सेव्ह केली. सगळ्या लेयर तशाच ठेवल्या, तुळस, तो सरळ चेहरा, कापलेली कड, माहं बटन. डोळे बंद करून ठेवले, पण एकही काहाडली नाई. माणसानं काय काय केलं होतं तेही राह्यलं पाहिजे.